हार्ट अटॅकनंतर कामावर परत: डॉक्टरांनी कंपनीला द्यायच्या पत्राबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न (फाउंड्री कामगारांसाठी)

मी हार्टचा डॉक्टर आहे, सांगली-मिरजेत प्रॅक्टिस करतो. आमच्याकडे कुपवाड, मिरज एमआयडीसी, पलूस, इस्लामपूर अशा भागातले कामगार येतात आणि अँजिओप्लास्टी होऊन घरी गेले की महिन्या-दीड महिन्यात एकच प्रश्न घेऊन परत येतात, साहेब कंपनीनं फिटनेस मागितलाय. इथं मी मुद्दाम फाउंड्रीच धरलीये, कारण ऑफिसात बसणाऱ्याचं पत्र सोपं असतं, पण भट्टीपाशी उभं राहणाऱ्याचं पत्र चुकलं तर माणूस जातो, आणि उगाच कडक लिहिलं तर त्याची नोकरी जाते. प्रश्न कामगारांचे आहेत, घरच्यांचे आहेत आणि कंपनीच्या एचआरवाल्यांचेही आहेत.

डॉक्टर, नुसतं "फिट आहे" लिहून द्या ना, कंपनीला तेवढंच पाहिजे

तेवढंच लिहिलं तर ते पत्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. फिट म्हणजे कशासाठी फिट? कोअर शॉपमध्ये स्टूलवर बसून कोअर तपासायला फिट असलेला माणूस पोअरिंगला फिट असेलच असं नाही, आणि "फिट" एवढाच शब्द घेऊन तुम्ही गेटवर गेलात की सुपरवायझर तुम्हाला तुमच्या जुन्या जागीच उभा करणार, त्याचा काय दोष, त्याच्या हातातल्या कागदावर दुसरं काही नाहीच. "हलकं काम द्यावं" हे पण तसंच. हलकं म्हणजे काय ते प्रत्येक जण आपापल्या परीनं ठरवतो, आणि फाउंड्रीत १५ किलोचं कास्टिंग उचलणं पण हलकं समजतात.

पत्रात चार गोष्टी पाहिजेत, कुठलं काम चालेल, कुठलं चालणार नाही, हे किती तारखेपर्यंत, आणि छातीत दुखलं तर कामाच्या जागी काय करायचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पत्र लिहायच्या आधी तुम्हाला कंपनीकडून काय लागतं?

कामाची माहिती. हे कुणी आणत नाही आणि खरी अडचण इथंच होते. मला तुमचा इसीजी कळतो, पण तुमची लॅडल किती किलोची ते कळत नाही. म्हणून मी पेशंटला सांगतो की सुपरवायझरकडून किंवा एचआरकडून एका कागदावर एवढं लिहून आणा: शिफ्टमध्ये काय काय करायला लागतं आणि कशाला किती वेळ जातो, एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता आणि एकट्यानं की दोघात, भट्टीपासून किती लांब उभं राहता, शिफ्ट फिरती आहे का, जिने किंवा प्लॅटफॉर्म चढायला लागतो का, आणि आजूबाजूला दुसरा माणूस असतो की एकटे असता. कागद आला नाही तर मी सुपरवायझरला फोन करतो, पेशंटला विचारूनच करतो, पाच मिनिटांत काम होतं. ही माहिती नसताना लिहिलेलं पत्र म्हणजे अंदाज, आणि अंदाजावर माणसाला भट्टीपाशी पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कामावर कधी जाता येतं? शेजारचे तर पंधरा दिवसात गेले होते

शेजारी काय काम करतात ते बघा. अटॅक वेळेत सापडला, स्टेंट बसला, हार्टचं पंपिंग चांगलं राहिलं आणि काही गुंतागुंत झाली नाही तर टेबलावरचं काम करणारा दोन-तीन आठवड्यात जाऊ शकतो. अंगमेहनतीच्या कामाला साधारण सहा ते बारा आठवडे धरायचे, आणि तेही तपासणी करूनच. अटॅकनंतरचा पहिला महिना अचानक हार्ट बंद पडण्याच्या दृष्टीनं सगळ्यात धोक्याचा असतो, विशेषतः पंपिंग कमी झालं असेल तर, त्यामुळं त्या काळात भट्टीचं नाव पण काढायचं नाही.

टीएमटी आणि टूडी इको कशाला परत? डिस्चार्जच्या वेळी झालंय की

डिस्चार्जच्या वेळचा इको हा मार खाल्लेल्या हार्टचा फोटो असतो. अटॅकमध्ये काही स्नायू मरतात, पण काही नुसते बधिर होतात आणि रक्तपुरवठा सुरू झाल्यावर काही आठवड्यात परत हलायला लागतात. म्हणून दीड महिन्यानं ईएफ, म्हणजे हार्ट प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते, परत बघायला लागतं. नॉर्मल ५५ च्या आसपास किंवा वर असतं. ४० च्या खाली राहिलं तर मी अंगमेहनतीच्या कामाला हात आखडतो, आणि औषधं देऊन सुद्धा ३५ किंवा खालीच राहिलं तर ठोके जीवघेणे बिघडले की आतूनच शॉक देणारं आयसीडी नावाचं मशीन बसवायचा विचार करायला लागतो, ते कामाच्या दृष्टीनं वेगळंच प्रकरण आहे, खाली लिहिलंय.

टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालायची टेस्ट. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक, जोर पडल्यावर छातीत दुखतं का, इसीजी बदलतो का, ठोके बिघडतात का, बीपी पडतं का. दुसरी, तुमची ताकद किती, आणि ती आम्ही मेटमध्ये मोजतो. शांत बसल्यावर शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो तो १ मेट. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्टा वेगानं आणि जास्त चढावर जातो, सहा मिनिटं पुरी केली की साधारण ७ मेट आणि नऊ मिनिटं केली की साधारण १०. पत्र या आकड्यावर उभं राहतं. औषधं चालू ठेवूनच ही टेस्ट करायची, कारण कामावर जाताना पण तुम्ही औषधं घेऊनच जाणार, ठोके आवरून धरणारी बीटा ब्लॉकरची गोळी बंद करून केलेल्या टेस्टचा पत्रासाठी उपयोग नाही.

मग त्या आकड्यावरून काम कसं ठरवता? एक उदाहरण सांगा

सांगतो, आणि हेच नीट वाचा, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. यात ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

एक कामगार, वय ४७, पोअरिंगच्या गॅंगमध्ये, दोघात मिळून हाताच्या लॅडलनं लोखंड ओतायचे. ऑगस्टमध्ये पुढच्या बाजूचा मोठा अटॅक आला, मिरजेत त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली, पुढच्या मुख्य नसेत एक स्टेंट. घरी जाताना ईएफ ४२. रोज चालणं वाढवत नेलं, तंबाखू सुटली, आणि सहा आठवड्यांनी ईएफ ५० वर आलं. टीएमटीत ते सात मिनिटं चाळीस सेकंद चालले, छातीत दुखलं नाही, इसीजी ठीक, ताकद साधारण ८ मेट.

आता नियम असा की आठ तासांच्या शिफ्टमध्ये सरासरी जोर तुमच्या कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, आणि मधेमधे थोड्या वेळापुरता जोर ८० टक्क्यांच्या आत राहावा. ८ चे ४० टक्के म्हणजे ३.२ मेट. कोअर शॉपमध्ये उभं राहून तपासणी, रंग लावणं, हलकी मांडामांड याला साधारण अडीच ते तीन मेट लागतात. म्हणजे ते बसतंय. साच्यात ओतणं किंवा फेटलिंग याला पाचच्या वर लागतात आणि स्लॅग काढणं, भट्टी सांभाळणं याला आठच्या आसपास. ते त्या वेळी बसत नव्हतं. म्हणून सहा आठवड्याचं पत्र दिलं ते कोअर शॉपचं, फक्त दिवसपाळी, उचलणं १० किलोपर्यंत, आणि भट्टी-पोअरिंगच्या भागात जायचं नाही.

बारा आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरात, परत टीएमटी. नऊ मिनिटं पुरी, १० मेट, परत काही त्रास नाही. आता ४० टक्के म्हणजे ४ मेट. कंपनीच्या कागदानुसार प्रत्यक्ष ओतणं शिफ्टमध्ये जेमतेम दोन तास असायचं, बाकी सहा तास साचे बघणं, मोजमाप, झाडलोट. दोन तास साडेपाच मेटनं आणि सहा तास तीन मेटनं धरलं तर सरासरी साडेतीनच्या थोडी वर येते. चारच्या आत आहे. ओततानाचा जोर पण आठच्या आत. म्हणजे आकड्यावर पोअरिंगला हरकत नाही.

पण इथं मी थांबलो, कारण मेटचा आकडा एसीच्या खोलीत मोजलेला आहे. पट्ट्यावर उष्णता नाही, धूर नाही आणि हातात वजन नाही. म्हणून पत्रात पोअरिंगला परवानगी दिली ती थंडीच्या दिवसांपुरती, दिवसपाळीत, हळूहळू वाढवत, आणि स्लॅग काढणं व भट्टी चार्ज करणं तेव्हाही बंदच. मार्चच्या सुरुवातीला परत तपासणी ही तारीख पत्रातच टाकली, उन्हाळ्याच्या आधी.

उष्णतेचं एवढं काय? आम्ही वीस वर्षं भट्टीपाशीच आहोत

वीस वर्षं तुमच्या नसा उघड्या होत्या आणि गोळ्या चालू नव्हत्या. गरम जागी शरीर रक्त कातडीकडं पाठवतं, घाम जातो, नसांतलं पाणी कमी होतं आणि तेवढंच काम करायला हार्टला जास्त ठोके मारावे लागतात. बीटा ब्लॉकर ते ठोके वाढू देत नाही, बीपीची रामिप्रिलसारखी गोळी नसा सैल ठेवते, लघवीची गोळी असेल तर पाणी अजून कमी होतं. या सगळ्याचा मेळ झाला की उभ्या उभ्या बीपी पडतं आणि चक्कर येते, आणि हातात वितळलेलं लोखंड असताना चक्कर आली तर ती एकट्या पेशंटची बाब राहत नाही, लॅडलच्या दुसऱ्या टोकाला पण माणूस आहे.

दुसरी गोष्ट, उष्णतेची सवय फार लवकर मोडते. दीड-दोन महिने घरी बसलेला धडधाकट माणूस सुद्धा पहिल्या दिवशी पूर्ण शिफ्ट भट्टीपाशी काढू शकत नाही. म्हणून पत्रात मी लिहितो की गरम भागातला वेळ पहिल्या दिवशी एखादा तासच, आणि दोन आठवड्यात टप्प्याटप्प्यानं पूर्ण. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ग्लास, पण ज्यांचं पंपिंग कमी आहे आणि लघवीची गोळी चालू आहे त्यांनी दिवसाचं पाणी किती ते आधी डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यायचं, त्यांना जास्त पाणी पण चालत नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बाहेरच ४० च्या आसपास असतं, शेडखाली आणि भट्टीपाशी किती असेल विचार करा. त्यामुळं नोव्हेंबरात दिलेलं पत्र मे महिन्यात वापरू नये.

धुराचा हार्टशी काय संबंध? तो फुफ्फुसाला ना?

नाही, आणि हे बऱ्याच सेफ्टी ऑफिसरांना पण माहीत नसतं. गरम लोखंड साच्यात गेलं की वाळूतला बाइंडर, कोळशाची पूड जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कोकवर चालणाऱ्या क्युपोला भट्टीत तर तो भरपूर. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त वाहतंय पण त्यात ऑक्सिजन कमी, आणि हार्टच्या नसा आधीच अरुंद. निरोगी माणसाला ज्याचा पत्ताही लागत नाही तेवढ्या गॅसमुळं अशा पेशंटला कमी जोरावरच छातीत दुखायला लागतं.

म्हणून पत्रात एक ओळ अशी असते की ओतल्यानंतर साचे थंड होत असतात त्या भागात थांबायचं नाही, जेवण-चहा तिथं नाही, आणि एक्झॉस्ट बंद असेल त्या दिवशी पोअरिंग नाही. ओळखायचं कसं, तर शिफ्टच्या शेवटी रोज डोकं दुखतं, मळमळतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, असं असेल तर मला सांगा आणि कंपनीला मोजमाप करायला सांगा. बिडी-सिगरेट ओढणारा तर हा गॅस स्वतःच्या खिशातून आणतो, त्याला मी पोअरिंगचं पत्र देत नाही.

वजन किती किलोपर्यंत?

एकच आकडा सगळ्यांना नाही. सुरुवातीला १० किलो, बारा आठवड्यांनंतर टेस्ट चांगली असेल तर २० च्या आसपास, असं मी साधारण धरतो. पण किलोपेक्षा कसं उचलता ते महत्त्वाचं. दम कोंडून, दात-ओठ खाऊन वजन धरून ठेवलं की बीपी एकदम चढतं. दोघांच्या लॅडलमध्ये भरल्यावर ४०-५० किलो असेल तर प्रत्येकाकडं २०-२५ येतात, आणि ते धरून चालायचं असतं, सांडू न देता. म्हणून शक्य असेल तिथं मोनोरेलवरची लॅडल, असं पत्रात लिहितो. बऱ्याच ठिकाणी ती असते, नुसती वापरात नसते.

स्टेंट धातूचा आहे, इंडक्शन फर्नेसनं तापेल का? मॅग्नेट ओढेल का?

नाही. स्टेंटला काही होत नाही, निश्चिंत राहा. पण पेसमेकर किंवा आयसीडी बसवला असेल तर उत्तर एकदम वेगळं. इंडक्शन फर्नेस आणि वेल्डिंग मशीन यांच्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळं ते मशीन गोंधळू शकतं, पेसमेकर ठोका द्यायचा थांबू शकतो किंवा आयसीडी विनाकारण शॉक देऊ शकतो. अशा कामगारासाठी मशीनच्या कंपनीनं सांगितलेलं अंतर आणि प्रत्यक्ष शॉपमधली मोजणी दोन्ही बघूनच पत्र लिहायचं, तोपर्यंत फर्नेस आणि वेल्डिंगचा भाग पूर्ण बंद.

रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत, ग्राइंडिंग चालेल का?

स्टेंटनंतर साधारण वर्षभर दोन गोळ्या असतात, अॅस्पिरिन आणि सोबत टिकाग्रेलॉर, प्रासुग्रेल किंवा क्लोपिडोग्रेल यातली एक. ताकद पुरत असेल तर ग्राइंडिंगला बंदी नाही, पण ग्लोव्हज, गॉगल, फेस शील्ड याशिवाय नाही. कापलं तर स्वच्छ कापडानं सलग दहा मिनिटं दाबून धरायचं, सारखं उघडून बघायचं नाही. डोक्याला मार लागला तर बाहेर रक्त नसलं तरी दवाखान्यात. आणि रक्त येतंय म्हणून स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करायच्या नाहीत, पहिल्या काही महिन्यात त्या सुटल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन दुसरा अटॅक येतो आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. दात काढायचा असला तरी आधी आम्हाला फोन.

रात्रपाळीचं काय?

पहिले तीन महिने नको. झोप मोडते, गोळ्यांची वेळ चुकते (टिकाग्रेलॉर तर बारा-बारा तासांनी घ्यायची असते), आणि रात्री शॉपमध्ये माणसं कमी, गाडी कमी. नंतर चालू करायची तर सारखी बदलणारी नको, आणि एकट्यानं काम नको. ही "एकट्यानं नको" ओळ मी रात्रपाळी नसली तरी टाकतोच.

कंपनी म्हणते अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे रिपोर्ट द्या. द्यायचे का?

पत्राला त्याची गरज नाही. कामगारानं काय करावं आणि काय करू नये एवढं कंपनीला कळणं पुरेसं आहे. कुठल्या नसेत किती टक्के ब्लॉकेज होतं, शुगर किती, आधी काय काय झालंय, हे एचआरच्या फाइलीत जायचं काही कारण नाही. डॉक्टरांवर पेशंटची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, आणि मी पत्र पाठवण्याआधी पेशंटला वाचून दाखवतो, समजावून सांगतो आणि त्याची लेखी संमती घेतो. कंपनीच्या डॉक्टरांना काही वैद्यकीय शंका असेल तर त्यांनी माझ्याशी बोलावं, डॉक्टर-डॉक्टर, पेशंटच्या परवानगीनं. कामगारानं स्वखुशीनं रिपोर्ट दाखवले तर तो त्याचा प्रश्न, पण "नाही दिले तर आत घेणार नाही" असं म्हणणं बरोबर नाही.

एचआर म्हणतंय, परत अटॅक येणार नाही अशी गॅरंटी लिहून आणा

अशी गॅरंटी कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही, अटॅक न आलेल्या माणसाची पण देऊ शकत नाही. एचआरच्या साहेबांना माझी विनंती आहे की तुम्हाला भीती वाटते ते मला समजतं, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची हा तुमचा खरा प्रश्न आहे. पण त्याचं उत्तर गॅरंटीत नाही. तपासणीवर आधारलेलं, तारीख असलेलं पत्र आणि तुम्ही ते पाळलंत याची नोंद, हे तुमच्याकडं असू द्या. पत्रात लिहिलेलं बंद काम करायला लावून काही झालं तर मात्र तो कागद तुमच्या विरोधात बोलेल.

कंपनी म्हणते आमच्याकडं हलकं काम नाही, पूर्ण बरे झाल्यावरच या

हे सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. माझा अनुभव असा आहे की "हलकं काम" म्हटलं की नाही म्हणतात, आणि "कोअर तपासणी, पॅटर्न स्टोअर, डिस्पॅचची नोंद, सँड टेस्टिंग यातलं कुठलंही" असं नाव घेऊन लिहिलं की एखादी जागा निघते. म्हणून पत्रात कामांची नावं पाहिजेत. आणि किती दिवसांसाठी ते पण, सहा आठवड्यांची सोय कंपनी करते, बेमुदत सोय करायला कचरते.

तरीही नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. ईएसआय लागू असेल तर आजारपणाचा भत्ता मिळतो, सरासरी मजुरीच्या ७० टक्के, ९१ दिवसांपर्यंत. अटॅकनंतर ईएफ ४५ च्या खाली असेल तर जास्त काळ चालणाऱ्या भत्त्याच्या यादीत हा आजार बसतो, त्याच्या नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी ईएसआय शाखेत विचारून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, माझं पत्र ईएसआयचं सर्टिफिकेट नाही. ते ईएसआय दवाखान्यातूनच घ्यावं लागतं, फायनल सर्टिफिकेट सुद्धा. माझं पत्र घेऊन तिथल्या डॉक्टरांकडं जा, दोन्हींच्या तारखा जुळल्या पाहिजेत, नाहीतर भत्ता पण अडकतो आणि हजेरी पण.

डॉक्टर, घरची अडचण आहे, थोडं पुढं-मागं करून फिट लिहा

घरची अडचण मला कळते, ईएमआय थांबत नाही. पण खोटं सर्टिफिकेट देणं हा डॉक्टरसाठी गैरवर्तनाचा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या कागदाच्या भरवशावर तुम्ही भट्टीपाशी उभे राहणार. मी काय करू शकतो, तर सहा आठवडे थांबायच्या ऐवजी चार आठवड्यात तपासून बसायच्या कामाचं पत्र लवकर देऊ शकतो. अर्धा पगार नको, पूर्ण पगारावर बसायचं काम, हे कंपनीशी बोलायला मदत करतो. उलट बाजूनं, "अजून दोन महिने अनफिट लिहा" म्हणणारे पण येतात. त्यांनाही तेच उत्तर.

छातीत दुखलं तर कामावर काय करायचं?

हातातलं काम सोडून लगेच बसायचं, उन्हातून-गरमीतून बाजूला. सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर एक गोळी जिभेखाली, बसूनच, उभ्यानं नाही. चक्कर येत असेल, बीपी कमी वाटत असेल किंवा लैंगिक ताकदीची गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही की १०८ ला फोन, आणि गाडी यायला वेळ असेल तर कंपनीच्या गाडीनं थेट कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलात, जवळच्या क्लिनिकमध्ये इसीजीसाठी तासभर घालवायचा नाही. स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही. थांबलं तरी त्या दिवशी परत कामाला लागायचं नाही, मला कळवायचं. घाम फुटणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, अॅसिडिटीसारखं वाटणं, हेही छातीत दुखणंच समजायचं, शुगर असणाऱ्यांना तर कधीकधी नुसता दम लागतो.

माणूस कोसळला आणि श्वास नीट नाही, तर छाती दाबणं लगेच चालू करायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. शिफ्टमध्ये हे येणारी दोन माणसं तरी असावीत असं मी पत्रात लिहितो.

एक नमुना पत्र द्या ना

वरच्या उदाहरणातलं दुसरं पत्र थोडक्यात असं होतं. इंग्रजी प्रत ऑफिसला आणि मराठी प्रत सुपरवायझरला, कारण पाळायचं सुपरवायझरला आहे.

> प्रति, व्यवस्थापक (मनुष्यबळ),
>
> आपले कामगार श्री. ______ (ओळखखूण: ______) यांची मी दि. ______ रोजी तपासणी केली. आपण पाठवलेली कामाची माहिती मी वाचली आहे. हे पत्र त्यांच्या लेखी संमतीनं देत आहे.
>
> ते खालील कामं करू शकतात: कोअर तपासणी, साचे तपासणी, मोजमाप, आणि दिवसपाळीत पोअरिंग, शिफ्टमध्ये एकूण दोन तासांपर्यंत. पोअरिंगचा वेळ पहिल्या दिवशी एक तास, पुढं दोन आठवड्यात दोन तास. शक्य तिथं मोनोरेलची लॅडल वापरावी.
>
> खालील कामं देऊ नयेत: स्लॅग काढणं, भट्टी चार्ज करणं, २० किलोपेक्षा जास्त वजन उचलणं, एकट्यानं काम, रात्रपाळी, ओव्हरटाइम. एक्झॉस्ट बंद असताना पोअरिंग नको.
>
> पिण्याचं पाणी आणि दर तासाला दहा मिनिटं थंड जागी बसायची सोय असावी. छातीत दुखणं, चक्कर किंवा दम लागल्यास काम थांबवून सोबतच्या सूचनांप्रमाणे करावं.
>
> हे पत्र दि. २८ फेब्रुवारीपर्यंतच लागू. उन्हाळ्यातील कामासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी आवश्यक.
>
> सही, शिक्का, नोंदणी क्रमांक

यात आजाराचा तपशील नाही हे बघा. ओळखखूण टाकायची आणि एक प्रत माझ्याकडं ठेवायची, हे डॉक्टरांच्या नियमातच आहे, त्यामुळं कागद हरवला तर परत मिळतो.

मार्चमध्ये त्यांचं काय झालं?

टीएमटी तशीच चांगली आली, पण जानेवारीपासून ओव्हरटाइमला पोअरिंगवर थांबवत होते असं बोलता बोलता निघालं, आणि शिफ्टच्या शेवटी डोकं दुखायचं. मी एचआरशी बोललो, तर जुनं पत्र ऑफिसच्या फाइलीत होतं आणि शॉपमध्ये कुणी बघितलंच नव्हतं. नवीन पत्रात मार्च ते जून पोअरिंग पूर्ण बंद ठेवलं आणि त्यांना सँड टेस्टिंगला दिलं. तेव्हापासून मी पत्राच्या खाली सुपरवायझरच्या सहीसाठी एक ओळ ठेवतो, "वाचलं, समजलं", आणि ती सही झालेली प्रत कामगारानं पुढच्या तपासणीला घेऊन यायची.

पत्र घ्यायला येताना काय आणू?

डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी नको, पाकिटंच), कामाचा कागद, ईएसआय कार्ड. टीएमटीच्या दिवशी गोळ्या नेहमीप्रमाणं घ्या, दोन तास आधी हलकं खा, बूट घालून या. आणि घरचं एक माणूस सोबत आणा, कामावरून आल्यावर तुम्ही किती दमता ते तेच खरं सांगतात.